फॉर्म पोराचा, साईटवर वडील, बुकिंग आईच्या नावावर

बेळगावात फ्लॅटविक्रीच्या कामात मला अकरा वर्षं झाली. एक गोष्ट मनापासून मांडायची आहे: आपल्या भागातले बहुतेक बिल्डर 'एका बुकिंगला किती खर्च आला' हा हिशेब चुकीचा करतात आणि त्या हिशेबावर लाखांचे निर्णय घेतात. आम्हीही तेच करणार होतो.

खानापूर रोडच्या बाजूला आमचा टूबीएचकेचा प्रकल्प आहे, एका फ्लॅटची किंमत साधारण 46 लाख. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत पंधरा बुकिंग झाली. बुकिंग म्हणजे 51 हजारांचं टोकन नव्हे. टोकन दिलेली माणसं महिन्याभरात माघारी फिरतात, बऱ्याचदा कर्ज नामंजूर झालं म्हणून. बेळगावच्या वडगाव-शहापुरात यंत्रमागवाला चांगला कमावतो, पण आयकर रिटर्न दाखवतो तुटपुंजं, मग बँक मागं हटते. रेराच्या कायद्यात 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची तर आधी करार करून तो नोंदवावा लागतो. म्हणून करार नोंदला की मगच आम्ही बुकिंग धरतो. टोकनवर हिशेब केला की ग्राहक आणणारा प्रत्येक मार्ग आहे त्यापेक्षा स्वस्त दिसतो.

साईटवरच्या रजिस्टरप्रमाणे पंधरापैकी तीन बुकिंग फेसबुकची, पाच 'बोर्ड बघून आलो' म्हणणाऱ्यांची, तीन एजंटांची आणि चार जुन्या ग्राहकांनी पाठवलेल्यांची होती. फेसबुकवर जाहिरातीचे 3 लाख 60 हजार गेले होते. त्यात फोन करणाऱ्या दोन मुलींच्या पगाराचा त्या कामापुरता वाटा, 1 लाख 44 हजार, मी मुद्दाम धरला. तो कुणी धरत नाही, पण फेसबुकच्या चौकशा फोनशिवाय साईटपर्यंत येतच नाहीत. एकूण 5 लाख 4 हजार, म्हणजे एका बुकिंगला 1 लाख 68 हजार. दोन होर्डिंगचं सहा महिन्यांचं भाडं 3 लाख, म्हणजे बुकिंगला 60 हजार. एजंटाला 2 टक्के, म्हणजे 92 हजार. जुन्या ग्राहकाला आम्ही 25 हजार देतो.

मालक म्हणाले, "फेसबुक बंद करा, अजून दोन बोर्ड घ्या." कागदावर त्यांचं बरोबर होतं.

मला मात्र एक फाईल खटकत होती. बोर्ड बघून आलेल्या एका काकांनी करार करताना सहज म्हटलं होतं, "पोरानं दिवाळीत मोबाईलवर दाखवलं होतं. बोर्ड तर रोज बघत होतोच की." मी त्यांच्या मुलाचा नंबर घेतला आणि आमच्या फेसबुकच्या चौकशांच्या यादीत शोधला. सापडला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला असताना त्यानं रात्री अकराला फेसबुकच्या जाहिरातीतला चौकशीचा फॉर्म भरला होता. आमचा फोन गेला तिसऱ्या दिवशी, तेव्हा तो पुण्याला परतून ऑफिसात बसला होता. नावापुढं शेरा होता: 'बाहेरगावी, इंटरेस्ट नाही.' जानेवारीत त्याचे वडील आणि मामा साईटवर आले. रजिस्टरात नंबर पडला वडिलांचा, करार झाला आईच्या नावावर. एकाच घराच्या तीन नोंदी झाल्या आणि त्या एकमेकींना ओळखतच नव्हत्या.

हे आपल्याकडं अपवादानं घडत नाही. आपली पोरं पुण्याला, बेंगळुरूला, गोव्याला. शोध ती घेतात, जागा घरची वडीलधारी बघतात, नाव कुणाचं घालायचं ते कर्ज आणि कर बघून ठरतं. मोबाईल नंबरावरून चौकशी आणि बुकिंग जुळवणारी पद्धत अशा घरात हमखास तुटते. आणि ती तुटली की श्रेय शेवटी जे डोळ्यांसमोर होतं त्याला, म्हणजे बोर्डाला जातं.

मग आम्ही पंधराही घरांना फोन केले. विचारलं एवढंच, की प्रकल्पाचं नाव घरात पहिल्यांदा कुणी काढलं आणि त्यांना ते कुठं दिसलं. बोर्डाच्या पाचांपैकी तीन घरांत सुरुवात फेसबुकवरून झाली होती. तिघांचेही नंबर आमच्या यादीत मिळाले, म्हणजे ही नुसती आठवणीवरची बात नव्हती. एजंटाच्या तिघांतलं एक घरही आमच्याच यादीतलं निघालं. फॉर्म भरल्यावर आम्ही त्यांना गाठू शकलो नाही, दोन महिन्यांनी एजंट त्यांना घेऊन आला, आणि आमच्याच चौकशीवर आम्ही 92 हजार दिले. हे मला फार लागलं.

एजंटाचं ते घर त्याच्याकडंच ठेवूनही हिशेब उलटला. फेसबुकची बुकिंग सहा झाली, खर्च बुकिंगला 84 हजार. बोर्डांची दोनच राहिली, खर्च दीड लाख.

आता यावरून 'बोर्ड काढून टाका' म्हणणंही चुकीचंच. त्या काकांना मोबाईलवरच्या चित्रावर विश्वास बसला तो रोज जाता-येता बोर्ड दिसत होता म्हणून. शिवाय पंधरा बुकिंग म्हणजे फार थोडी. एकच घर फेसबुककडून बोर्डाकडं सरकवलं तर 84 हजारांचे लाखावर जातात आणि दीड लाखाचे एक लाखावर येतात. म्हणून मी दोन्ही आकडे शेजारी ठेवतो, पहिल्यांदा कुठं दिसलं त्याचा आणि शेवटी कुठून आले त्याचा. खरा खर्च या दोहोंच्या मध्ये कुठंतरी असतो. या गोंधळात न हलणारा आकडा एकच आहे: चारही मार्गांचा खर्च 11 लाख 80 हजार, भागिले पंधरा, म्हणजे एका बुकिंगला साधारण 79 हजार. पुढच्या सहामाहीत हा खाली येतो की नाही, ते मी आधी बघणार.

फेसबुकच्या बाराशे चौकशांतून रजिस्टरप्रमाणे साठच घरं साईटवर आली होती. मालकांना त्यात जाहिरातीचा दोष दिसला, मला आमच्या फोनचा दिसतो. त्या फॉर्ममध्ये नाव-नंबर आपोआप भरलेला येतो, त्यामुळं जुने, बंद पडलेले नंबर येतात, काहींना तर आपण फॉर्म भरला हेच आठवत नाही. आम्ही त्यात पाठवण्याआधी पुन्हा तपासायची पायरी आणि बजेटचा प्रश्न घातला. चौकशा कमी झाल्या, प्रत्येक चौकशी महाग झाली, मालक नाराज झाले. पण मुलींचा दिवस खऱ्या माणसांशी बोलण्यात जाऊ लागला. रात्रीच्या फॉर्मला आता सकाळी नऊच्या आत फोन जातो, आणि समोरचा मराठी असेल तर पहिलं वाक्य मराठीत. आधी सगळ्यांशी हिंदीतून सुरुवात व्हायची आणि माणसं बँकेचा फोन समजून तो ठेवून द्यायची.

एजंटांनाही आता साईटवर आणण्याआधी ग्राहकाचं नाव आणि घरातले दोन नंबर कळवावे लागतात. आमच्या यादीत आधीपासून असतील तर ते तिथंच सांगतो, नंतर वाद नको. यावर दोन एजंट रागावले आहेत. त्यांच्या मेहनतीचा मला आदर आहे, पण हा नियम मी सोडणार नाही.

आणि 'बाहेरगावी, इंटरेस्ट नाही' हा शेरा यादीतून काढून टाकला. पुण्याहून कुणी बोलला की मुली विचारतात, "जागा बघायला घरचं कोण येईल? त्यांचा नंबर द्याल का?" साईटच्या गेटवर रजिस्टरात एक रकाना वाढवलाय: घरातल्या कुणी आधी चौकशी केली होती का. गेल्या रविवारी सात घरं आली. त्यातल्या तिघांनी त्या रकान्यात मुलाचा किंवा मुलीचा नंबर लिहिला.