ज्याचं काम, त्यानेच वेळ ठरवावी ना!

आज देवगडला शेजारच्या काकांच्या फोनवर आलेला मेसेज वाचून डोकं तापलं. एका खरेदीदाराच्या ऑफिसातून: ‘आंब्याच्या खरेदीसाठी भेटायचे आहे. खालील लिंकवर आपल्या सोयीची वेळ बुक करा.’ आंबे तुम्हाला हवेत आणि तारीख, नाव, ईमेल भरायचं काकांनी? तेही एप्रिलात, सकाळभर झेला हातात आणि दुपारी पेट्या भरायच्या असताना!

काकांनी कालच त्या लिंकखाली लिहिलं होतं, ‘बुधवारी पाचला या.’ आज पुन्हा तीच लिंक.

लिंकवर राग नाही. दवाखान्यात किंवा होमस्टेला लोकच वेळ मागायला येतात, तिथे लिंक सोयीची, हे मान्य. पण भेट तुम्ही मागताय तेव्हा आधी दोन वेळा तुम्हीच सुचवायच्या आणि लिंक शेवटी ठेवायची. असं:

‘नमस्कार काका, आंब्याच्या भावाबद्दल बोलायला अर्धा तास तुमच्याकडे यायचं होतं. मंगळवारी चारला येऊ की बुधवारी पाचला? नुसता वार कळवलात तरी पुरे, नोंद मी करतो. दोन्ही अडचणीच्या असतील तर तुमची वेळ सांगा. माझ्या बाकीच्या मोकळ्या वेळा बघाव्याशा वाटल्या तर या लिंकवर आहेत.’

यात काकांना फक्त ‘बुधवार’ एवढंच लिहायचंय. ‘आपल्या सोयीची वेळ बुक करा’ हे दिसायला अदबीचं, पण त्यात उत्तर द्यायला दुसरा रस्ताच नाही. म्हणून ते हुकूम वाटतं.

सुचवलेल्या दोन्ही वेळा आधी आपल्या कॅलेंडरात अडवून ठेवा. नाहीतर काकांचं उत्तर येईपर्यंत त्याच लिंकवरून दुसरा कुणीतरी बुधवारचे पाच घेतो आणि तुम्हाला ‘सॉरी काका, ती वेळ गेली’ म्हणावं लागतं. उत्तर आलं की दोन्ही वेळा लगेच मोकळ्या करा, नाहीतर ठरलेली वेळही लिंकवर दिसणार नाही.

मग लगेच लिंक उघडून ठरलेल्या वेळेला काकांच्या नावाने तुम्हीच नोंद करा. ईमेलचा रकाना सक्तीचा असेल तर तिथे स्वतःचा पत्ता टाका. मात्र तसं केलंत की आठवणीचा मेल तुम्हालाच येणार, काकांना काहीच कळणार नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांना व्हॉट्सअॅपवर दोन ओळी टाका, नाहीतर सरळ फोन करा. बागायतदाराला फोन कधीही बरा.

पाठवण्याआधी ती लिंक लॉगिन नसलेल्या दुसऱ्या मोबाईलवर उघडून बघा. आपल्या फोनवर सगळं नीट दिसतं, समोरच्याला मात्र अकाउंट मागतं किंवा सगळं पान इंग्रजीत येतं. तसं असेल तर अशा माणसाला लिंक पाठवूच नका.

त्या ऑफिसातल्या मुलालाही कुणी हे शिकवलं नसेल, त्याला तयार मेसेज दिला असेल आणि त्याने तो पाठवला असेल. पण बाबा, काकांचं कालचं उत्तर तिथेच आहे. लिंक उघड, बुधवार, सायंकाळी पाच, नाव काकांचं. मिनिटभराचं काम आहे.