दुसऱ्यांदा कोणी उघडणार नाही असं अ‍ॅप

सरकारचा डेटा खुला आहे आणि तुमचा शनिवार-रविवार मोकळा आहे. तेव्हा भाजीच्या भावांचं अ‍ॅप काढाच. दर आठवड्याला पिशवी उचलून मंडईत जाणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल अशी दुसरी माहिती data.gov.in वर सहज सापडायची नाही. तिथे देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव असतात: जिल्हा, बाजार, माल, वाण, प्रत, तारीख आणि किमान, कमाल व सर्वसाधारण भाव. एवढी सोय असताना माणसं हे अ‍ॅप खरोखरच दर आठवड्याला उघडायला लागण्याचा धोका आहे. तो टाळायचा, तर पुढच्या सूचना काटेकोर पाळा.

तिथला डेटा प्रोग्रॅमने ओढायला एपीआय-की, म्हणजे किल्ली लागते. सुरुवात नमुना किल्लीने करा; खालच्या पत्त्यात KEY च्या जागी ती घाला.

```
https://api.data.gov.in/resource/9ef84268-d588-465a-a308-a864a43d0070?api-key=KEY&format=json&limit=1000
```

नमुना किल्लीवर एका वेळी दहाच ओळी मिळतात, `limit` कितीही लिहा. त्या दहांत तुमचं गाव नसलं तर बिघडलं कुठे? नाव नोंदवून स्वतःची किल्ली मोफत मिळते, पण ती मागण्याचा कमीपणा कशाला घ्यायचा! या संचात फक्त ताजे भाव असतात. रोज एकदा ओढून आपल्याकडे साठवले नाहीत, तर महिन्याने तुलनेला हाताशी काही उरत नाही. म्हणून साठवू नका.

आता भाव दाखवा, आणि रुपयांतच दाखवा. कांद्याचा सर्वसाधारण भाव १६०० दिसतो. तो क्विंटलचा, म्हणजे किलोला १६ रुपये. पहिल्या पानावर ठळक लिहा: «कांदा ₹१६». तो घाऊक लिलावाचा भाव आहे, त्यात हमाली, वाहतूक, सड-घट आणि गाडीवाल्याचा नफा यायचाय, हे सांगत बसू नका. तुमचा वापरकर्ता कोपऱ्यावर तीस रुपये सांगणाऱ्या भाजीवालीसमोर मोबाइल नाचवील. ती म्हणेल, «मग मोबाइलवाल्याकडूनच घ्या.» अ‍ॅप त्याच संध्याकाळी उडेल.

काही अतिशहाणे रुपये दाखवतच नाहीत. समजा, गेल्या चार आठवड्यांत टोमॅटो १२००, १३००, १२५० आणि १४०० होता नि या आठवड्यात २००० आहे. ते मागच्या चारांचा मध्यक काढतात, १२७५, आणि एवढंच लिहितात: «टोमॅटो महिन्याच्या मानाने दीडपट.» ठोक आणि किरकोळ भाव साधारण एकाच दिशेने हलतात, त्यामुळे हे वाक्य कोपऱ्यावरही बरंचसं खरं ठरतं. असलं काही करू नका. लोक पुढच्या शनिवारी परत येतील.

मध्यक तर मुळीच नको, सरासरी घ्या. नोंदी शेवटी माणसंच करतात, एखादं शून्य जास्त पडतंच. पाच दिवसांचे भाव १४००, १५००, १५००, १६०० आणि १५००० आले, तर मध्यक मख्खपणे १५०० सांगतो. सरासरी मात्र ४२०० वर उडी मारते आणि अ‍ॅपमध्ये जान येते. किमान भाव कमाल भावापेक्षा मोठा असलेल्या ओळीही गाळू नका, तेवढाच वैविध्याला वाव.

पुण्याच्या बाबतीत विशेष काळजी घ्या. यादीत नुसतं Pune असतं, शिवाय Pune(Moshi), Pune(Pimpri), Pune(Khadiki), Pune(Manjri) असे उपबाजार वेगळे. सगळे मिसळा. या संचात आवकेचा रकानाच नाही, त्यामुळे मुख्य बाजारातले ट्रकच्या ट्रक आणि उपबाजारातली चार पोती एकाच तोलाची धरता येतात. एकच बाजार धरून बसलात, तर आठवड्यांची तुलना खरी होण्याची भीती आहे.

पालेभाज्या हा तर खास मुलूख. महाराष्ट्रात कोथिंबीर, मेथी बऱ्याच ठिकाणी शेकडा जुड्यांवर विकतात, आणि संचात एककाचा रकानाही नाही. तुम्ही डोळे झाकून शंभराने भागा. कोथिंबीर ८०० आली तर «किलोला ८ रुपये» छापा. हा भाव शंभर जुड्यांचा असला तर आठ रुपये एका जुडीचे होतात, किलोचे नव्हेत. आणि जुडी केवढी, हे ऋतू आणि शेतकरी ठरवतो. पालेभाज्यांचा वेगळा गट करून त्यांची तुलना फक्त त्यांच्याच जुन्या भावाशी, त्याच बाजारात करणारे लोक असतात. त्यांच्या नादी लागू नका.

बाजार समितीला सुट्टी असते, त्या दिवशी ओळच येत नाही. तिथे शून्य भरा. भेंडी फुकट झाल्याचा इशारा पहाटे पाच वाजता सगळ्यांना पाठवा. `arrival_date` तीन दिवस जुनी असली तरी वर «आजचे भाव» लिहा. आणि हे सगळं दिसण्याआधी मोबाइल क्रमांक, ओटीपी आणि संपर्कयादीची परवानगी मागायला विसरू नका; दुधीचा भाव सांगायचा म्हणजे माणसाच्या मेहुण्याचा नंबर लागतोच.