स्वामीजी शिकागोत शून्यावर बोलले नव्हते

‘११ सप्टेंबर १८९३. स्वामी विवेकानंद मडगावहून बोटीने अमेरिकेला गेले. त्यांना शिकागोत कुणीही बोलावले नव्हते. अपमान करायचा म्हणून त्यांना “शून्य” हा विषय दिला. ते शून्यावर सलग तीन तास बोलले! त्याआधी परदेशात त्यांनी एकही भाषण केले नव्हते. जग जिंकून ते लगेच मायदेशी परतले. शाळेत हे शिकवत नाहीत. पुढे पाठवा.’

हा मजकूर आमच्या मालवणच्या घरातल्या ग्रुपवर चार ठिकाणांहून आला, तेव्हा मी गप्प राहिले. पण १२ जानेवारीच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी माझ्या पुतणीने तो शब्दन् शब्द पाठ केला आणि ‘तीन तास’ म्हणताना हात वर करायचा, हेसुद्धा तिला कुणीतरी शिकवले. आता गप्प राहणे शक्य नाही.

आधी शून्य, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यानेच केले आहे.

११ सप्टेंबर हा सर्वधर्मपरिषदेचा पहिला दिवस. त्या दिवशी कुणालाच विषय दिलेला नव्हता. आयोजकांनी स्वागत केले आणि देशोदेशीचे प्रतिनिधी एकेक करून उठून त्या स्वागताला उत्तर देत होते. स्वामीजींचे भाषण हे असेच एक उत्तर होते. ते छापील उपलब्ध आहे. सावकाश, थांबत थांबत वाचले तरी पाच मिनिटांच्या आसपास संपते. त्यांचे त्याच परिषदेतले पुढचे विषयही नोंदलेले आहेत: १५ तारखेला आपल्यात मतभेद का होतात (विहिरीतल्या बेडकाची गोष्ट ती हीच), १९ ला हिंदुधर्मावरचा निबंध, २० ला भारताची खरी गरज, २६ ला बौद्धधर्म आणि २७ ला समारोप. यात शून्य कुठेही नाही.

तरीही ज्यांना शंका आहे त्यांनी स्वामीजींचेच पत्र वाचावे. मद्रासच्या आलासिंगा पेरुमल यांना त्यांनी २ नोव्हेंबर १८९३ रोजी, म्हणजे परिषदेनंतर दोन महिन्यांच्या आत, सगळी हकिगत कळवली आहे. छातीत धडधडत होते, जीभ कोरडी पडली होती, सकाळच्या सत्रात बोलायचे धाडस झाले नाही. बाकीचे तयार भाषणे घेऊन आले होते, यांच्याकडे काहीच नव्हते. मग देवी सरस्वतीला नमस्कार करून ते उठले आणि त्यांनी छोटे भाषण केले. ‘छोटे’ हे त्यांनी स्वतः लिहिले आहे. संबोधनाला दोन मिनिटे टाळ्या पडल्याचेही त्याच पत्रात आहे. परिषदेचे अध्यक्ष बॅरोज यांनी छापलेल्या वृत्तान्तातही टाळ्या ‘कित्येक मिनिटे’ चालल्याची नोंद आहे. म्हणजे टाळ्या खऱ्या, तीन तास खोटे.

आणि त्या छोट्या भाषणात होते काय? शिवमहिम्न स्तोत्रातले ‘रुचीनां वैचित्र्यात्’. श्रावणातल्या सोमवारी आपल्याकडे घरोघर म्हटले जाते तेच. गीतेतले ‘ये यथा मां प्रपद्यन्ते’. परागंदा झालेल्या ज्यू आणि पारशांना या देशाने आसरा दिला याचा अभिमान. पंथाभिमान आणि धर्मवेड यांनी पृथ्वी रक्ताने भिजवली, हे स्पष्ट शब्दांत. शून्याची गोष्ट पाठ करणाऱ्या मुलीला यातले एक वाक्यही माहीत नव्हते. मला राग येतो तो याचा.

‘आधी एकही भाषण नाही’ हे तर तिथल्या वर्तमानपत्रांनीच खोडून काढले आहे. मेरी लुईस बर्क या अमेरिकन बाईंनी गावोगावची जुनी वर्तमानपत्रे धुंडाळून स्वामीजींच्या पश्चिमेतल्या प्रवासाची तारीखवार जुळणी केली. त्यांचे सहा खंड आहेत, आणि मी इथे जे सांगते आहे त्याचा मोठा आधार तेच.

मॅसॅच्युसेट्समधले सेलम घ्या (तमिळनाडूतले नव्हे). २९ ऑगस्ट १८९३ च्या तिथल्या ‘ईव्हनिंग न्यूज’मध्ये बातमी आहे की काल दुपारी उकाडा असूनही एका क्लबाच्या सभासद हिंदू संन्याशाला ऐकायला वेस्ली चॅपलमध्ये जमल्या. बातमीची तारीख २९, तिच्यात ‘काल’ म्हटले आहे, म्हणून भाषण २८ ऑगस्टचे. हे साधे वाटते, पण छापल्याची तारीख हीच भाषणाची तारीख धरून लोक निम्म्या नोंदी चुकवतात. ५ सप्टेंबरच्या ‘डेली गॅझेट’मध्ये सेलमच्याच ईस्ट चर्चमधल्या रविवारच्या भाषणाची बातमी आहे. ११ सप्टेंबरला सोमवार होता, तेव्हा तो रविवार ३ सप्टेंबरचा. भाषण किती वेळ झाले? बातमीदार लिहितो, सुमारे चाळीस मिनिटे. याच बातमीत त्याने स्वामीजींना ‘राजा’ केले आहे आणि नाव ‘विवी रानांदा’ छापले आहे. तेव्हा तारीख आणि जागा यांसाठी बातमी विश्वासाची, पदवी आणि नावासाठी नाही. जुन्या अंकांत एकच स्पेलिंग शोधणाऱ्याला ही भाषणे सापडत नाहीत, ती यामुळेच.

तिथून ते साराटोगाला गेले, समाजशास्त्र परिषदेच्या आमंत्रणावरून. ६ सप्टेंबरच्या ‘डेली साराटोगियन’मध्ये दोन गोष्टी एकाखाली एक आहेत: ते मुसलमानी राजवटीवर बोलले, आणि आज पुन्हा भारतातल्या चांदीच्या वापरावर बोलणार आहेत. पहिली घडलेल्या भाषणाची बातमी, दुसरी होणाऱ्या भाषणाची सूचना. सूचना किंवा आमंत्रणपत्रिका एवढेच सांगते की ठरले होते. भाषण झाले हे म्हणायला नंतरची बातमी, पत्र किंवा ऐकणाऱ्याची नोंद हवी. आणि बघा, चांदीसारखा विषयसुद्धा गावातल्या पत्राने टिपला. शून्यावर तीन तास भाषण झाले असते तर शिकागोची मोठी पत्रे गप्प बसली असती का?

आमंत्रणाबद्दल मात्र मजकुरात अर्धे खरे आहे, ते मान्य करावेच लागते. स्वामीजी जुलैअखेर शिकागोला पोचले तेव्हा त्यांच्याकडे कोणत्याही संस्थेचे अधिकृत पत्र नव्हते आणि प्रतिनिधी नोंदवण्याची मुदत उलटून गेली होती. पण ११ सप्टेंबरला ते आगंतुक म्हणून व्यासपीठावर चढले नाहीत. हार्वर्डचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांनी मधल्या काळात समितीला पत्र लिहिले आणि ते रीतसर प्रतिनिधी झाले. अपमानासाठी विषय दिला म्हणणारे राइट यांचे हे सौजन्य पुसून टाकतात.

मडगावचे थोडक्यात. स्वामीजी १८९२ च्या ऑक्टोबरात गोव्यात होते हे बरोबर, त्याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण तिथून ते दक्षिणेकडे गेले. अमेरिकेची बोट त्यांनी ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून धरली, ‘पेनिन्सुलर’ तिचे नाव.

आणि ‘लगेच परतले’? परिषदेनंतर एका व्याख्यानसंस्थेच्या करारावर ते गावोगाव फिरले: नोव्हेंबरात मिनियापोलिस आणि डे मॉइन, १८९४ च्या जानेवारीत मेम्फिस, फेब्रुवारीत डेट्रॉइट. पुढे न्यूयॉर्कचे वर्ग, १८९५ च्या ऑक्टोबरात लंडनच्या प्रिन्सेस हॉलमध्ये भाषण, २५ मार्च १८९६ ला हार्वर्ड, मग पुन्हा लंडन. १५ जानेवारी १८९७ ला ते कोलंबोला उतरले, म्हणजे परिषद संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळाने. जून १८९९ मध्ये ते पुन्हा निघाले, आणि त्या खेपेला कॅलिफोर्निया झाले, पॅरिस झाले.