फुटलेले मोदक कोणाचे?

"तुमच्या वेळच्या बायका कशा बिनधास्त खायच्या, आम्हालाच मेलं हे टेन्शन," असं आताच्या मुली म्हणतात तेव्हा मला हसू येतं. कुठलं बिनधास्त! यंदा गणपतीत मोदक वळता वळता नातीशी याच विषयावर जुंपली.

नात बंगळुरूला नोकरी करते. वय अठ्ठावीस. हात छान आहे तिचा, पारी पातळ करते आणि कळ्याही नाजूक काढते. पण म्हणाली, "आजी, मी एकच खाणार. परवा ऑफिसात केक खाल्लाय, ते पाप अजून फेडतेय." मोबाईलमध्ये तिचं कॅलरी मोजायचं ॲप आहे. त्यात मोदक शोधला तर पाच ठिकाणी पाच आकडे! तळणीचा की उकडीचा, केवढा, काही पत्ता नाही.

म्हटलं, चल, आपणच मांडू हिशोब. २१ मोदकांना अडीचशे ग्रॅम पिठी, तेवढंच ओलं खोबरं आणि दोनशे ग्रॅम गूळ. तिनेच गुणाकार केला. सगळं मिळून साधारण अडीच हजार कॅलरी, म्हणजे मोदकाला एकशेवीस. वर चमचाभर तूप, त्याचे चाळीस-पंचेचाळीस. दोन मोदक तुपासकट खाल्ले तरी सव्वातीनशेच्या आसपास. ती गप्प झाली. मग म्हणाली, "आकडा कळला गं, पण खाताना वाटायचं ते वाटतंच."

हे मात्र खरं बोलली. आणि ते मला ओळखीचं होतं.

सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन रत्नागिरीकडे सासरी गेले. साखर रेशनवर, सणाला थोडी जास्त सुटायची, तिचा डबा सासूबाईंच्या ताब्यात. पहिली पंगत पुरुषांची आणि मुलांची, मग पाहुण्यांची, शेवटी आम्ही. उकड कोरडी राहिली की पारीला चिरा जातात आणि सारण ओलं राहिलं की वाफेवर गूळ खालून पाझरतो. असे फुटलेले मोदक बाजूला काढायचे, ते घरच्या बायकांचे. अख्खा मोदक सुनेने उचलला तर कोणी ओरडायचं नाही, नुसतं बघायचं. तेवढं पुरे असे. मग उरलेल्या उकडीत मिरची-जिरं घालून केलेल्या निवगऱ्या आम्ही मागच्या पडवीत उभ्याउभ्याच खायचो.

नातीला म्हटलं, तेव्हा सासू मोजायची, आता तू स्वतःच मोजतेस, तेही पगार स्वतःचा असताना. बाईच्या ताटाकडे डोळे लावून बसायची सवय आपण इतकी अंगी लावून घेतली आहे की बघणारं माणूस उठून गेलं तरी आपण दबकतच खातो.

"पण आजी, गणपतीचंच पोट बघ ना, त्याला कोण बोलतं?"
"तो देव आहे. त्याला कोणी स्थळं आणत नाही."

आता कोणी म्हणेल, आजी काय, खा म्हणणारच. तसं नाही. मला डायबेटिस आहे. "गुळाचं चालतं" हे शेजारपाजारचं ज्ञान साफ खोटं, गुळानेही साखर वाढते आणि तांदळाच्या उकडीनेही. म्हणून मी दोन मोदक खाते आणि त्या जेवणात भात घेत नाही. हा हिशोबच आहे, पण त्यात शिक्षा नाही. नातीचं उलट. सकाळपासून नुसत्या काळ्या कॉफीवर, दुपारी एक मोदक तोडून तोडून, आणि रात्री अकराला फ्रिजचं दार उघडं ठेवून पेढ्यांचा अर्धा बॉक्स. दिवसभर उपाशी ठेवलेलं पोट रात्री वसूल करतंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रायश्चित्त म्हणून कॉफी. मी तिला एवढंच सांगितलं, सकाळी पोहे खा, दुपारी पानावर बसून पोटभर जेव, मग बघ रात्री फ्रिजकडे पाय वळतात का. दोन दिवस वळले नाहीत. तिसऱ्या दिवशी वळले, पण दोन पेढे घेऊन ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि बसून खाल्ले.

आरतीला आलेल्या एक काकू तिला म्हणाल्याच, "तब्येत सुधारली हं!" आपल्याकडे हे बोलायला कोणाला परवानगी लागत नाही. मी म्हटलं, हो, सुधारली, मध्यंतरी फार खराब होती. काकूंना पुढचं सुचेना.

गौरीच्या दिवशी कळलं, तिने जुना, घट्ट झालेला ब्लाउज मुद्दाम आणलाय, "त्यात मावायचं" म्हणून. दोन वर्षं तो कपाटात टांगून ठेवलाय म्हणे. कपडा आपल्या मापाचा करायचा की आपण कपड्याच्या? उलटा करून पाहिला तर शिंप्याने दोन्ही बाजूंना बोटभर माया ठेवलेली. शिवण उसवली, पुढे टीप मारली, पंधरा मिनिटांचं काम. तेच घालून ती जेवायला बसली. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, तिसरी नको म्हणाली, पोट भरलं म्हणून. कटाची आमटी मात्र दोनदा घेतली.