शब्दाला दर, सर्वनामाला डिंक

मी तोरिनोत राहते आणि इंग्रजीतून इटालियनमध्ये भाषांतरं करते. परवाचं काम आपल्याकडच्या एका मिक्सर कंपनीचं होतं. माहितीपुस्तिका, खोक्यावरचा मजकूर, सगळं. दर शब्दाला, आणि शब्द मोजायचे ते इटालियनमधले. ही अट कंपनीच्या साहेबांनी घातली होती. त्यांना वाटलं असावं, परदेशी भाषा आहे, शब्द तेवढेच भरतील. पण मजकूर सगळा हुकमांचा, आणि हुकूम देताना इटालियन माणूस शब्द सुटे ठेवत नाही.

सुरुवात खोक्यावरच्या चित्रानेच झाली. आजीच्या हातात मिल्कशेकचा पेला, नातू हात पुढे करून म्हणतोय, 'गिव्ह इट टु मी!' मी लिहिलं, 'दाम्मेलो!' संध्याकाळी फोन.

"ताई, इंग्रजीत चार शब्द आहेत. तुम्ही एकच पाठवलात. बाकीचे तीन?"

"त्यातच आहेत, साहेब."

"कुठे?"

मग बसले उलगडून सांगत. 'दा' म्हणजे दे. 'मी' म्हणजे मला, पण पुढे 'लो' आला की त्याचा 'मे' होतो. 'लो' म्हणजे ते. आधी माणूस, मग वस्तू. इंग्रजीत वस्तू आधी येते, इथे तसं चालत नाही. आणि 'दा' हा एकाक्षरी हुकूम असल्यामुळे त्याला जे चिकटतं त्याचं पहिलं व्यंजन दुप्पट होतं, म्हणून दामेलो नाही, दाम्मेलो. 'सांग'चा 'दी' असाच, म्हणून दीम्मेलो. 'त्याला'चा 'ल्यी' तेवढा या दुपटीतून सुटतो. त्याला ते दे म्हणजे साधं दाल्येलो.

"म्हणजे चार शब्दांचं काम आणि एका शब्दाचे पैसे," साहेब म्हणाले. आवाजात समाधान होतं.

पण दुसऱ्या दिवशी त्यांना सुचलं की आजीला असं एकेरी कसं बोलायचं? आदरार्थी हवं. आता आदरार्थी हुकमात इटालियन एकदम सोवळं पाळतं. सर्वनाम क्रियापदाला शिवत नाही, पुढे वेगळं उभं राहतं: 'मे लो दीआ'. तीन शब्द! माझ्या दृष्टीने आदर तिप्पट फायद्याचा होता. तरी मी सांगितलं की आपल्याकडे नातू आजीला 'अगं'च म्हणतो, इटलीतही नातू नोन्नाला एकेरीच बोलतो. 'मे लो दीआ' म्हणणारा नातू बँकेतून वसुलीला आल्यासारखा वाटेल. दोन शब्दांचे पैसे सोडून मी आजीचं घरपण राखलं, याची कुठेही नोंद नाही.

खरी मजा साफसफाईच्या पानावर होती. इंग्रजीत होतं: भांडं काढा, ते धुवा, ते पुसा, ते परत बसवा. इथे तीन वाटा. वाचकाला एकेरी बोललात तर 'लावालो, आश्शुगालो, रिमेत्तीलो', सगळं चिकटलेलं, तीन शब्द. आदराने बोललात तर 'लो लावी, लो आश्शुगी, लो रिमेत्ता', सगळं सुटं, सहा शब्द. तिसरी वाट कोणाशीच न बोलण्याची, आपल्या औषधाच्या बाटलीवरच्या 'वापरण्यापूर्वी हलवावे'सारखी. तिथे इटालियन क्रियापदाचं मूळ रूप वापरतं: धुणे म्हणजे 'लावारे'. त्याला 'लो' लावताना शेवटचा 'ए' गळतो आणि होतं 'लावार्लो'. मान्जारेचं मान्जार्लो होतं तसंच. (भाषांतर करणे म्हणजे 'त्रादुर्रे', त्याचं शेपूट अख्खंच जातं, 'ते भाषांतर करणे' म्हणजे 'त्रादुर्लो'. हा शब्द मी फार मनापासून उच्चारते.)

माहितीपुस्तिकेला तिसरी वाट शोभते, म्हणून मी तीच धरली. पुन्हा तीन शब्द. आदरार्थी वाट दुप्पट पैशांची होती हे खरं, पण तिच्यातही एक भानगड आहे. 'नोन लो लावी' म्हणजे 'आपण ते धुऊ नका'. आणि हेच शब्द एकेरीतल्या माणसाला म्हटले तर अर्थ निघतो 'तू ते धूत नाहीस'. ताकीद आणि टोमणा एकाच खर्चात. मिक्सर विकत घेतलेल्या बाईला कंपनीने घरात येऊन टोमणा मारावा, हे काही बरं नाही.

नकार मात्र मला आवडतो. एकेरीत 'ते धुऊ नकोस' म्हणायला दोन रूपं आहेत, 'नोन लावार्लो' आणि 'नोन लो लावारे'. दोन्ही बरोबर. एक दोन शब्दांचं, एक तीन. कंपनीच्या मुलांसाठीच्या पत्रकात एकेरीच हवं होतं, आणि त्यात 'नको' भरपूर होते: ते उघडू नकोस, त्याला हात लावू नकोस. व्याकरण दोन्ही बाजूंना सारखंच उदार असताना भाषांतरकाराने कुठे झुकावं, हे घरमालकाला विचारा.

एवढ्यात साहेबांनी स्वतः संगणकाला हात घातला.

मी मिक्सरच्या भांड्याला 'बिक्क्येरे' म्हटलं होतं, तो पुल्लिंगी. त्यांना कुठल्याशा जाहिरातीत 'काराफ्फा' दिसला, तो त्यांना भारदस्त वाटला. तो स्त्रीलिंगी. त्यांनी सगळीकडे बिक्क्येरे शोधून काराफ्फा घातला आणि मला कळवलं की आता फक्त 'लो'चं 'ला' करायचं आहे, तेही तेच करतात. इंग्रजीत 'इट' सगळ्यांचा एकच. इथे भांड्याचं लिंग बदललं की त्याच्या मागे चिकटलेलं प्रत्येक शेपूट बदलावं लागतं.

त्यांनी दोन्ही बाजूंना जागा सोडून 'लो' शोधला. चिकटलेला 'लो' असा सापडतच नाही. 'लावार्लो'च्या पोटात तो सुखरूप. मग त्यांनी जागा काढून शोधला आणि 'सगळे बदला' दाबलं. लावार्लोचं लावार्ला झालं, छान. पण झाकण, म्हणजे 'कोपेर्क्यो', अजून पुल्लिंगीच होतं, त्याचंही लावार्ला झालं. रबरी रिंग म्हणजे 'आनेल्लो', ती 'आनेल्ला' झाली. आणि पात्यांजवळ ठळक अक्षरांत छापलेला धोका, 'पेरीकोलो', त्याचा 'पेरीकोला' झाला.

मी सगळं परत घेतलं. अशा वेळी एकच उपाय: प्रत्येक 'लो'पाशी थांबून विचारायचं, बाबा रे, तू कोणाचा? भांड्याचा असलास तर 'ला' हो. झाकणाचा असलास तर आहेस तसाच बस. पात्यांकडे, म्हणजे 'लामे'कडे, तर स्त्रीलिंगी अनेकवचन, त्यामुळे तिथे 'नोन तोक्कार्ले'. त्यांना हात लावू नये. पूर्ण दुपार गेली, आणि शब्दसंख्या एकानेही वाढली नाही, कारण बदल सगळे शब्दांच्या शेपटात.

हे मी साहेबांना समजावून सांगितलं. म्हटलं, शब्दावर मोजणं या भाषेत न्याय्य नाही. ते विचारात पडले. माणूस वाईट नाही. दोन दिवसांनी म्हणाले, "पटलं ताई. पुढच्या कामापासून अक्षरावर मोजू. रोमन अक्षरं, मधल्या जागा सोडून."

मी फोन ठेवला आणि कागदावर मोजून पाहिलं. दाम्मेलो, सात अक्षरं. मे लो दीआ, जागा सोडून, सात अक्षरं. आणि जागा सोडल्या की ते वाचायचं 'मेलोदीआ', म्हणजे चाल, गाण्याची.