भावजी सचिन, शेजारचा केविन आणि 'कि' अक्षर

"मावशी, बाळाचं नाव कियांश ठेवायचं आमचं जवळपास ठरलंय. पण बाबा म्हणतात ही सगळी पिक्चर-सिरियलची नावं, अर्थ काही नाही, दहा वर्षांत शिळी होतील. तिकडं जर्मनीत पण लोक पिक्चर बघूनच नावं ठेवतात का गं?"

हो, ठेवतात. म्हणजे निदान तसं दिसतं तरी. आमच्या लाइपझिगच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक केविन राहतो, तिशी ओलांडलेला, चांगला इलेक्ट्रिशियन आहे, पण ओळख करून देताना तो नेहमी फक्त आडनाव सांगतो. मला वाटायचं इथली पद्धत असेल. मग ऑफिसातल्या एकीनं हसून सांगितलं की अगं, त्याचं नाव केविन आहे ना, म्हणून.

झालं असं की 1991 च्या जानेवारीत तो 'होम अलोन' पिक्चर जर्मनीत लागला, आणि इथं त्याचं नावच ठेवलं होतं 'केविन, घरी एकटा' अशा अर्थाचं. त्याच वर्षी केविन कॉस्टनरचा मोठा पिक्चर पण आला. आणि त्याच वर्षी केविन हे जर्मनीत मुलांचं एक नंबरचं नाव ठरलं. भावजींना हे सांगितलं तर म्हणतील, बघ, मी काय म्हणत होतो.

पण थांबा. वर्षाच्या यादीत एक नंबरला यायचं तर त्या वर्षात जन्मलेल्या ढीगभर पोरांना ते नाव ठेवलेलं असावं लागतं, आणि नुसता पिक्चर बघून एवढ्या घरांमध्ये एका वर्षात एकमत होत नसतं. केविन हे नाव इथं आधीपासूनच वर चढत होतं. इंग्लंडचा फुटबॉलर केविन कीगन 1977 ते 1980 हॅम्बुर्गकडून खेळला, तेव्हापासून ते लोकांच्या कानावर होतं, आणि अमेरिकन-इंग्लिश वाटणारी नावं इथं एकूणच फॅशनमध्ये येत होती. पिक्चरनं त्या चढत्या नावाला शेवटचा धक्का दिला एवढंच. त्यामुळं पिक्चरनं नाव आणलं असं कुणी म्हणालं की मी आधी एकच गोष्ट बघते, पिक्चरच्या आधीच्या पाच-सात वर्षांत ते नाव वाढत होतं का. स्टॅन्ली लीबरसन म्हणून अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी नावांच्या जुन्या नोंदी लावून हेच दाखवलं की बऱ्याचदा नट-नट्यांची आणि हिरोइनची नावं आधीच वर चाललेल्या नावांमधूनच येतात, आणि आपल्याला उलटं वाटतं.

आता हेच माप भावजींना लावा, कारण गंमत अशी की भावजींचं स्वतःचं नाव सचिन. जन्म 1971 चा. तेंडुलकर जन्मला 1973 ला, पहिली टेस्ट खेळला नोव्हेंबर 1989 मध्ये, कराचीला. आमच्या वर्गात चार सचिन होते, लांब्या सचिन, चष्मा सचिन, सचिन पाटील आणि नुसता सचिन, आणि आम्ही सगळे 1977 च्या आसपासचे, म्हणजे आमच्या सचिनांची बारशी झाली तेव्हा तेंडुलकर तीन-चार वर्षांचा होता. तरी आज कुठल्याही लग्नात विचारा, निम्मी माणसं सांगतील की एवढे सचिन तेंडुलकरमुळं. त्याचं नाव त्याच्या वडिलांनी संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलं, म्हणजे तोही त्याच लाटेवर आलेला एक सचिन. बाकीच्या घरांना ते रेडिओवरून मिळालं की 1975 च्या 'गीत गाता चल'मधल्या हिरोवरून की शेजारच्या बाळावरून, हे आता कुणालाच नक्की सांगता येणार नाही, आणि माझ्या मते थोडंथोडं सगळ्यांवरून. पण तेंडुलकर देव झाल्यावर जन्मलेले सचिन माझ्या ओळखीत मोजून दोन आहेत. नाव सगळीकडं पसरून झालं होतं, नवीन आईबापांना ते काकाचं नाव वाटायला लागलं होतं, आणि काकाचं नाव कुणी बाळाला ठेवत नाही.

राहिला अर्थाचा मुद्दा. बर्मनदांचं नाव बंगालीत शचीन, म्हणजे शचीचा पती शचीन्द्र, इंद्र. 'श'चा 'स' आपल्याकडं येता येता झाला. म्हणजे भावजी, ज्या नावानं तुम्ही पन्नास वर्षं मिरवताय त्याचा अर्थ वाटेतच सांडलाय, तेव्हा नातवाच्या कियांशला अर्थ विचारताना जरा सबुरीनं.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर हा विषय टाकला तर धमाल झाली. एक जण नाशिकलाच शिक्षक आहे, आणि इलेक्शनची बीएलओची ड्युटी त्याच्या गळ्यात दरवेळी पडते, मतदार यादीचा एक भाग घेऊन तो दारोदार फिरतो. तो म्हणाला, "यादीतला वयाचा कॉलम झाकून ठेव, मी नावावरून सांगतो." काशिनाथ, त्र्यंबक, निवृत्ती म्हणजे पंच्याहत्तरच्या पुढं. सुरेश, रमेश, अशोक साठीचे. सचिन, संतोष, योगेश पंचेचाळीस ते पन्नास. अक्षय, शुभम, ओंकार तिशीच्या आगेमागे. अथर्व नि यश आत्ता पहिल्यांदा नाव नोंदवायला येतात. आणि तो म्हणाला की एकेकटी नावं बघू नकोस, शेवटचा आवाज बघ. सुनीता, अनिता, संगीता, कविता, सविता एका पिढीच्या. वैशाली, रूपाली, सोनाली, दीपाली त्यांच्या मागून. आता आरव, अर्णव, आणि 'अंश'वाले, शिवांश, रेयांश, प्रियांश. आईबापांना नवीन नाव हवं असतं पण विचित्र नको असतं, म्हणून ते ओळखीच्या आवाजातलं एखादं अक्षर बदलतात, आणि प्रत्येकाला वाटतं आपणच शोधून काढलं. सिरियलचा लेखकही त्याच कानांनी ऐकतो ना, त्याला पंचविशीतली हिरोइन हवी असते तेव्हा तो द्वारका ठेवत नाही.

"फक्त बायकांचं वय चुकतं माझं," तो म्हणाला. "पाच-दहा वर्षांनी लहान वाटतात नावावरून." का ते त्याला सांगता येईना. ते उत्तर मला आईकडून मिळालं, तेही प्रश्न भलताच समजून दिलेलं. मी व्हिडिओ कॉलवर विचारलं, आई, तुमच्या वेळी नावं कशी बदलत गेली? तर म्हणाली, "बदलत काय गेली, माझं बदललंच की! ताटात तांदूळ पसरले, तुझ्या बाबांनी अंगठीनं लिहिलं सुनंदा, मला तर वाचायलाही दिलं नाही आधी. माहेरी मी सीता. पंचवटीत राहून सीता नको म्हणाल्या सासूबाई, वनवास मागे लागतो." आम्ही हसलो, पण मग लक्षात आलं की त्या पिढीच्या बायकांना नाव दोनदा मिळालं, एकदा जन्माच्या वेळच्या फॅशनचं आणि एकदा लग्नाच्या वेळच्या, आणि यादीत दुसरं लागलं. फॅशनमध्ये राहिल्या म्हणायचं, विचारलं कुणी नाही हा भाग वेगळा.

बरं, नुसतं प्रसिद्ध असून भागत नाही याचा पुरावा तर आपल्या दारात आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक, आख्ख्या देशाचा सिनेमा ज्यांनी सुरू केला त्यांचं नाव धुंडिराज. ऐकलाय एखादा धुंडिराज बालवाडीत? मला तरी एकही भेटला नाही. आवाज जुळत नसेल तर कितीही मोठा माणूस असो.

पिक्चरनंच नाव जन्माला घातलं अशीही उदाहरणं आहेत, नाही असं नाही. अमेरिकेत 1984 च्या एका पिक्चरमध्ये जलपरी रस्त्यावरची मॅडिसन अव्हेन्यूची पाटी वाचून स्वतःचं नाव मॅडिसन ठेवते आणि हिरो म्हणतो हे काय नाव आहे. मुलींमध्ये ते तोवर जवळपास नव्हतंच, आणि 2001 ला ते देशात दोन नंबरला होतं. पण बघा, मध्ये सतरा वर्षं गेली. आपल्याकडं कियाराचं असंच काहीसं: 2010 च्या एका हिंदी पिक्चरमध्ये प्रियांकाच्या पात्राचं नाव कियारा होतं, ते आवडलं म्हणून आलिया अडवाणीनं स्वतःला कियारा करून घेतलं. तुझं 'किया' कानाला नवीन पण ओळखीचं वाटतं त्यात हिचाही वाटा असणार, तू तो पिक्चर बघितलेला नसलास तरी.

आता शिळं होण्याचं. अमेरिका आणि फ्रान्सच्या नोंदींवरून 2009 साली एक अभ्यास आला होता, त्यात निघालं की जे नाव झपाट्यानं चढतं ते झपाट्यानंच उतरतं, कारण आईबापांनाच वाटतं की ही तर चार दिवसांची फॅशन. केविनचं तेच झालं, आणि इथं वर आणखी वाईट झालं. नाव कमी शिकलेल्या, गरीब घरांचं समजलं जायला लागलं. त्याच 2009 मध्ये ओल्डनबुर्ग विद्यापीठानं शिक्षकांना नावांबद्दल विचारलं तर एकीनं लिहून दिलं, केविन हे नाव नाही, आजाराचं निदान आहे. पोरगं वर्गात शिरायच्या आधीच मार्क कापलेले. आमचा इलेक्ट्रिशियन आडनाव का सांगतो ते मला तेव्हा कळलं. आपल्याकडं हे काम बहुतेक आडनावच करून टाकतं, त्यामुळं पहिल्या नावावर एवढा भार येत नाही, हे चांगलं की वाईट तुम्हीच ठरवा.

भावजींनी 'कि' वरून किरण सुचवलंय असं ताई म्हणाली. मृगशीर्षाचं चौथं चरण, गुरुजींनी 'की' काढून दिलंय, मग किशोर, किसन, किरण. त्यांना सांग की किरणवरून जर्मनीच्या घटना कोर्टात केस झालीये. भारतीय वंशाच्या कुटुंबानं मुलीचं नाव किरण ठेवलं, नोंदणी ऑफिस म्हणालं यावरून मुलगा की मुलगी कळत नाही, आणि 2008 साली कोर्टानं आईबापांच्या बाजूनं निकाल दिला. माझ्या लेकीच्या वेळी त्यामुळंच फार त्रास झाला नाही. इथं जन्माची नोंद आठवड्यात आणि नाव महिन्याच्या आत द्यावं लागतं. तुमच्याकडं जन्मदाखल्यावर नाव टाकायला बारा महिने फुकट, पुढं लेट फी भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणून म्हटलं घाई करू नकोस, तुमच्या गंगापूर रोडच्या बालवाडीत जाऊन नर्सरी आणि ज्युनियरची हजेरी बघून ये. नुसते कियांश मोजू नकोस, सगळे 'अंश' मोज.

काल तिचा रिप्लाय आला. नर्सरीत शिवांश दोन, रेयांश एक, प्रियांश एक, कियांश एक. ज्युनियरला 'अंश' दोनच. म्हणजे अजून चढतंय. "बाबांना नाही सांगणार," तिनं लिहिलं होतं, "आणि बारा महिन्यांचं बरोबर आहे मावशी, पण बारसं रविवारी आहे आणि पेढ्याच्या बॉक्सवर नाव छापायला दिलंय."