‘कोण?’ ‘मी, शेजारची.’

*“ताई, लेख वाचला आणि खरं सांगायचं तर चिडचिड झाली. एकट्या म्हाताऱ्या माणसांची चौकशी करायला दहा-अकरा जण जमलात आणि तीन आठवडे घातलेत कशात, तर नावात! शेवटी ठरलं काय, तर ‘शेजार’. त्यावरून काम काय ते कुणाला कळणार? ‘एकाकी ज्येष्ठ सहाय्य गट’ असं सरळ ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? माझे वडील शेवटची चार वर्षं एकाकी होते. त्यांना तसं म्हटलेलं चाललं असतं. कुणी आलंच नाही, हे चाललं नाही. शब्द गोड केला म्हणून दुःख गोड होत नाही.”*

नमस्कार. वडिलांबद्दलचं वाचलं आणि दोन दिवस उत्तर लिहायला बसलेच नाही. त्या वाक्यापुढे नावाचा युक्तिवाद करणं मलाच बरं वाटेना. पण तुम्ही विचारलंय ते तोंडदेखलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

तीन आठवड्यांचा हिशेब आधी देते. भेटी पहिल्याच आठवड्यात सुरू झाल्या होत्या, बिननावाच्या. नौपाड्यातल्या आमच्या गल्लीतल्या चार इमारती, दोघा-दोघांच्या जोड्या, प्रत्येक जोडीकडे तीन-तीन घरं. नावाची चर्चा संध्याकाळी, चहाबरोबर. त्यात वेळ गेला हे कबूल. पण नाव का लागलं, तर आम्हाला मिरवायचं होतं म्हणून नव्हे. तिसऱ्या इमारतीच्या वॉचमननं वहीत ‘कुठून आलात’ या रकान्यापाशी पेन थांबवलं. त्या इमारतीत आम्ही राहत नाही. काय लिहायचं ते आम्हाला सांगता येईना आणि त्या दिवशी त्यानं वर सोडलं नाही. त्याचं बरोबरच होतं.

‘काय बिघडलं असतं’ या तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या वहीवरच आहे. वही फाटकापाशी टेबलावर उघडी असते. कुरिअरवाला, गॅसवाला, घर बघायला आलेला एजंट, सगळे तिच्यात सही करतात आणि सही करताना वरच्या चार ओळी वाचतात. आता तुमचं नाव त्या रकान्यात लिहून बघा: ‘एकाकी ज्येष्ठ सहाय्य गट’, पुढे खोली क्रमांक ३०४, वेळ सकाळी अकरा. कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं असतं आणि तिथे कधी कुणी येतं, हे आम्ही आमच्या हातानं लिहून ठेवलं असतं. हे आमच्याही डोक्यात नव्हतं. गटातले एक निवृत्त पोलीस हवालदार आहेत, ते ती वही बघून म्हणाले, “हे तर पत्तेच वाटल्यासारखं झालं.” त्या दिवसापासून ‘एकटे’, ‘एकाकी’, ‘निराधार’ हे सगळे शब्द नावातून बाद झाले. याच कारणासाठी घरांची यादी आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत नाही आणि कुणाच्या दारावर स्टिकरही लावत नाही.

दुसरं, नाव कागदावर वाचलं जातं त्याहून जास्त बंद दाराआडून ऐकलं जातं. साखळी लावलेली, आतून “कोण?” असा आवाज, आणि बाहेरून तीन-चार शब्दांत उत्तर द्यायचं. म्हणून ठरवलं की प्रत्येक नाव आधी दारात म्हणून बघायचं. पहिली पसंती होती ‘आधार’. शब्द चांगला, छोटा, सगळ्यांच्या ओठांवर. पहिल्याच दारात “आधारकडून आलोय” म्हटल्यावर काका आत गेले आणि कार्ड घेऊन आले, वर झेरॉक्सही. आम्ही हसलो, पण दुसऱ्या घरातल्या बाईंनी दार उघडलंच नाही. त्यांना आधार अपडेट करायचंय म्हणून कुणाचा तरी फोन येऊन गेला होता. मुलीनं बजावून ठेवलं होतं की असं कुणी आलं तर दार उघडायचं नाही. मुलीचं म्हणणं शंभर टक्के योग्य. आमचंच नाव फसवणाऱ्याच्या फोनसारखं वाजत होतं.

मग कुणीतरी ‘श्रावणबाळ’ सुचवलं. त्याचं काय झालं ते जरा सावकाश सांगते, कारण माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना’ पासष्ट वर्षांवरच्या निराधार ज्येष्ठांना मासिक अर्थसाहाय्य देते, त्यामुळे एका आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, “पैसे वाढले का?” हा घोळ तरी समजावून मिटला असता. पण दुसऱ्या मजल्यावरच्या काकू नाव ऐकून गप्पच झाल्या. त्यांचा मुलगा टोरांटोला असतो. रोज रात्री साडेआठला फोन करतो, औषधं ऑनलाइन मागवून देतो, वर्षातून एकदा येतो. आमच्यातली एक जण त्यांना उत्साहानं म्हणाली, “काकू, आम्ही तुमचे श्रावणबाळ!” काकूंनी चहाचा कप बशीत ठेवला आणि विचारलं, “आणि माझा मुलगा कोण मग?”

यावर आम्हाला काही बोलता आलं नाही. मदतीला आलेल्यानं स्वतःला श्रावण म्हणवलं की घरात नसलेल्या मुलावर आपोआप ठपका येतो, आणि आईला तो तिच्याच घरात, तिच्याच चहाबरोबर ऐकावा लागतो. आमच्या मनात तसं काही नव्हतं, पण नावात होतं. ‘सांजवात’, ‘मावळतीचे रंग’ ही मंडळीही अशीच गेली. आपण सत्तरीच्या माणसाला भेटायला जातो तेव्हा त्याच्या घरात सकाळचे अकरा वाजलेले असतात, रेडिओ चालू असतो, कुकरची शिट्टी झालेली असते. त्याला दारातच मावळतीची आठवण कशाला?

‘शेजार’ हे नाव आम्ही शोधलं असं म्हणवत नाही. काकूंच्या त्या प्रश्नानंतर पुढच्या खेपेला आमच्यातली तीच मुलगी एकटी गेली, नाव काय सांगावं ते तिला सुचेना. आतून “कोण?” आल्यावर ती सवयीनं म्हणाली, “मी, शेजारची.” दार उघडलं. या उत्तरात कुणी देणारा नाही, कुणी घेणारा नाही. मी तुमची शेजारी, तर तुम्हीही माझ्या शेजारी. काकूंनी नंतर तिला साखर मागितली आणि तिनं काकूंकडून विरजण नेलं. ‘सहाय्य’ या शब्दात विरजणाला जागाच नाही हो.

आता आमच्या नावाची खोटही सांगते, कारण तुम्ही ती पकडली नाहीत आणि मला ती रोज टोचते. वय झालं की बहुतेकांचं ऐकणं आधी वरच्या पट्टीत कमी होतं. स, श, फ, थ यांसारखे आवाज पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येतात. म्हणजे ‘शेजार’मधला नेमका पहिला वर्णच गळतो. एका आजोबांना आम्ही तीनदा ‘शेजार’ म्हटलं आणि त्यांनी तिन्हीदा ‘आजार’ ऐकलं. “मला काही आजार नाही,” म्हणून ते रागावले. ओरडून सांगितलं तर आवाज आणखी पिचतो, उपयोग शून्य. आता आम्ही असं करतो: दारापासून एक पाऊल मागे, भिंगातून चेहरा दिसेल असं उभं राहायचं, आवाज चढवायचा नाही, शब्द सुटे सुटे म्हणायचे आणि नावाला पत्ता जोडायचा. “समोरच्या इमारतीतली, तळमजल्यावरची, शेजारची.” त्यातलं काहीतरी एक पोचतं. गटाला ‘ओटा’ म्हटलं असतं तर कानाला सोपं गेलं असतं हे मान्य, पण “ओट्यावरून आलेय” ऐकून कुणी स्वयंपाकघरात बघितलं असतं.

आणखी एक खोट. “मी शेजारची” हे चोरही म्हणू शकतो. म्हणून ओळख पटवायचं काम नावावर सोपवलेलं नाही. एका घराला ठरलेल्या दोनच व्यक्ती जातात. पहिल्या भेटीला त्या घराच्या ओळखीचं कुणीतरी बरोबर असतं, बहुधा दूधवाले काका किंवा मजल्यावरचं कुटुंब. पैसे, किल्ली, बँकेची कागदपत्रं यांना हात लावायचा नाही, कुणी आपणहून दिली तरी. ठरल्या वेळी दार उघडलं नाही तर आधी फोन, मग मजल्यावरचे, मग घरच्यांनी ज्यांच्याकडे किल्ली ठेवलीय ते, आणि तरीही आतून काही हालचाल नसेल तर ११२. कुणाला कागदपत्रांची किंवा कायद्याची अडचण असेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनचा नंबर देतो. ती कामं आमच्या आवाक्यातली नाहीत.

नावातून काम कळायला हवं, हे संस्था नोंदवायची असेल तर समजू शकते. पण तिथेही नाव आणि उद्देश वेगवेगळे लिहितात, आणि काम काय ते उद्देशात येतं. आम्ही तर नोंदणीही केलेली नाही, वर्गणीही घेत नाही.

राहिला ‘एकाकी’. तुमचे वडील स्वतःला तसं म्हणाले असते तर त्यात चुकीचं काहीच नव्हतं. माणसानं स्वतःबद्दल म्हणावं, समोरच्यानं ऐकून घ्यावं. आम्ही तो शब्द कुणापासून लपवत नाही, फक्त आमच्या तोंडून आधी काढत नाही. आणि तुमच्या प्रतिक्रियेमुळे यादी पुन्हा तपासली, तेव्हा लक्षात आलं की आम्ही ‘एकटे राहणारे’ एवढंच बघत होतो. एक आजी पाच जणांच्या घरात राहतात. सकाळी नऊला घर रिकामं होतं, संध्याकाळी सात-साडेसातला भरतं, आणि भरल्यावरही त्यांच्याशी बोलणं “जेवलीस का?” याच्यापुढे जात नाही. एकट्या नाहीत, एकाकी आहेत. त्या यादीत नव्हत्या, आता आहेत. हे श्रेय तुमचं.

तुमची दुसरी सूचनाही अर्धी घेतली. घरी ठेवायला आम्ही एक चिठ्ठी देतो, जाड अक्षरात, पांढऱ्यावर काळी, फ्रिजवर लावता येईल अशी. आतापर्यंत तिच्यावर ‘शेजार’ आणि दोन फोन नंबर एवढंच होतं. तुम्ही म्हणता तसं काम कळायला हवं, म्हणून नावाखाली एक ओळ घातली आहे. मात्र तिच्यात सहाय्य नाही आणि एकाकीही नाही. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी, अकराच्या सुमारास येतो’ असं लिहिलंय. टोरांटोवाल्यांच्या आईनं ती चिठ्ठी वाचून त्यात दुरुस्ती सांगितली: शुक्रवारी अकराला त्या भजनाला जातात, तेव्हा साडेबाराला या. पेनानं खोडून तसं लिहून दिलं.